‘सोप्या भाषेत’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : पॅरासिटामॉलबद्दल डॉक्टरांसाठी लिहिलेला मजकूर मला सामान्य वाचकांसाठी ‘सोप्या भाषेत’ लिहायचा होता. सगळे अवघड शब्द बदलले, तरी वाचणारे म्हणतात, ‘यातून काय करायचे ते कळत नाही.’ या शब्दप्रयोगात आणखी काय अपेक्षित असते?

उत्तर : मजकुराची नव्याने निवड अपेक्षित असते. ‘सोप्या भाषेत’ हा शब्दप्रयोग फसवा आहे, कारण त्यात नाव फक्त भाषेचे येते. प्रत्यक्षात मात्र सांगणाऱ्याला ‘या वाचकाच्या कामाचे लिहा’ असे म्हणायचे असते. तुमचेच उदाहरण घेऊ.

डॉक्टरांसाठीच्या मजकुरात साधारण असे वाक्य असते : ‘मात्राधिक्यात यकृतातील ग्लुटाथायोनचा साठा घटतो, विषारी चयापचयद्रव्य निष्प्रभ होत नाही आणि यकृतपेशींचा नाश होतो, प्रतिविष म्हणून ॲसिटिलसिस्टीन द्यावे.’ शब्द सोपे केले की ते असे होईल : ‘औषध जास्त झाले तर यकृतातला संरक्षक पदार्थ कमी पडतो, विषारी पदार्थ तसाच राहतो आणि यकृताच्या पेशी मरतात, त्यावर उतारा म्हणून दुसरे औषध देतात.’ या वाक्यात अडखळावे असा एकही शब्द नाही. तरीही तापाने फणफणलेला माणूस हातात गोळी घेऊन ते वाचेल, तेव्हा ‘जास्त’ म्हणजे किती, हा त्याचा पहिला प्रश्न तसाच राहील.

त्याला हवे असलेले तपशील वेगळे आहेत. निरोगी प्रौढाने 24 तासांत 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठपेक्षा जास्त गोळ्या घेऊ नयेत. दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे. आणि सर्दी-तापावरच्या अनेक मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून दोन्ही एकत्र घेण्यापूर्वी वेष्टनावरचे घटक वाचावेत. यातला शेवटचा तपशील डॉक्टरांसाठीच्या मजकुरात बहुधा सापडणारच नाही, कारण घटक पाहणे हा त्यांच्या सवयीचा भाग असतो. मुळात जे वाक्यच नाही, त्यातले शब्द बदलणार कसे? तुमचा मजकूर अडला तो इथे, असे मला वाटते.

काही तपशील दोन्हीकडे येतात, पण त्यांचे काम बदलते. अतिमात्रेनंतर पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे फारसे काही जाणवत नाही, पुष्कळदा तेवढेही नाही; यकृताची हानी नंतर उघड होते. डॉक्टरांना हे लक्षणांचे टप्पे म्हणून सांगितले जाते, आणि एकाच वेळी घेतलेल्या अतिमात्रेत औषध पोटात गेल्यापासून चार तास उलटल्यावर रक्तातील पातळी तपासायची असते, ही माहितीही जोडीला येते. घरच्या वाचकाला यातून एकच गोष्ट हवी : बरे वाटत असले तरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा, कारण उतारा पहिल्या आठ तासांत सर्वाधिक गुणकारी ठरतो. रक्ततपासणीचा तपशील गाळला तरी त्याचे काही अडत नाही.

लहान मुलाच्या आईवडिलांसाठी लिहायचे झाले, तर निवड पुन्हा बदलते. गोळ्यांची संख्या इथे निरुपयोगी ठरते. मात्रा सामान्यतः वजनाच्या दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम अशी काढतात. बारा किलोच्या मुलासाठी ती 120 ते 180 मिलिग्रॅम होते. पण सिरप वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते : एकाच्या 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम, तर दुसऱ्याच्या तेवढ्याच मापात 250 मिलिग्रॅम. पहिल्याची सवय असलेल्या पालकाने दुसऱ्याचे 5 मिलिलिटर दिले, तर एका मात्रेची वरची मर्यादा ओलांडली जाते. म्हणून ‘बाटलीवरची तीव्रता पाहा आणि सोबतच्या मापानेच मोजा’ हे वाक्य इथे पहिल्या परिच्छेदात हवे. प्रौढांच्या मजकुरात ते नसले तरी चालते.

गाळताना मात्र एक जपावे. वर ‘निरोगी प्रौढाने’ असे लिहिले आहे. वाक्य सुटसुटीत करण्याच्या नादात असे विशेषण सहज उडते. ते उडाले की यकृताचा विकार असलेल्यांना, नियमित मद्यपान करणाऱ्यांना किंवा वजन फार कमी असलेल्यांनाही तोच आकडा लागू असल्यासारखे होते. वास्तविक त्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांना विचारून ठरवायची असते. ग्लुटाथायोन गेले तरी चालेल, ‘निरोगी’ जाता कामा नये.

तुमचा नवा खर्डा तपासायचा असेल, तर वाचणाऱ्याला ‘समजले का?’ असे विचारू नका. बहुतेक जण भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी विचारा : ‘दोन तासांपूर्वी एक गोळी घेतली आहे आणि आता सर्दीचे औषधही घ्यायचे आहे, तर तुम्ही काय कराल?’ उत्तर मजकुरात बोट ठेवून दाखवता आले नाही, तर शब्दांना हात लावण्याआधी कोणता तपशील राहून गेला ते शोधा.