‘मेहेर’ म्हणजे हुंडा नव्हे

प्रश्न : मैत्रीण इराणी आहे. तिच्या लग्नाच्या दस्ताचं इंग्रजी भाषांतर इथल्या रजिस्ट्रारला द्यायचं आहे. ‘मेहेर’ला ‘डाउरी’च लिहायचं ना? कोशात तसंच आहे. आणि शर्तींची पानं गाळली तर चालेल का?

उत्तर : दोन्हीला नाही. कोशातला हा ‘डाउरी’ ऐकून ऐकून कान किटले आहेत. हुंडा मुलीकडून मुलाकडे जातो. महर, म्हणजे तुमचा ‘मेहेर’, नवऱ्याकडून येतो आणि तोही थेट बायकोला, तिच्या बापाला नव्हे. इराणच्या दिवाणी कायद्याचं कलम १०८२ सांगतं की करार होताक्षणी ती त्याची मालकीण होते. मुलीबरोबर येणारं सामान म्हणजे जहीज़िये, आपलं आंदण. मुलीच्या माहेरी दिली जाणारी रक्कम ती शीरबहा, शब्दशः दुधाचं मोल. त्याला मराठीत ‘देज’ हा नेमका शब्द आहे. या तिन्हींना एकच ‘डाउरी’ चिकटवली, तर कोणी कोणाला काय दिलं हेच उलटतं.

जाणकार मंडळी ‘डावर’ सुचवतात, कारण आपल्याकडची न्यायालयं तेच लिहितात. मला ते पटत नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात डावर म्हणजे नवरा वारल्यावर त्याच्या जमिनीवर विधवेला मिळणारा हक्क. महर पहिल्या दिवसापासून देणं असतो. तेव्हा ‘महर’ हाच शब्द रोमन लिपीत ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात एक ओळ लिहा : नवऱ्याने बायकोला देणे असलेली, करारात ठरलेली मालमत्ता.

आता खरी गंमत. फारसीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे मीम-हे-रे या तीन अक्षरांत तीन निरनिराळे शब्द दडतात. ‘महर’ अरबी, हिब्रूतल्या ‘मोहर’चा भाऊबंद. ‘मेह्‌र’ म्हणजे माया आणि सूर्यही. तो मिथ्र देवाकडून आला, म्हणजे आपल्या वैदिक मित्राचा सख्खा. मेहेरबान, मेहेरनजर हे शब्द त्याचे. तिसरा ‘मोह्‌र’ म्हणजे शिक्का. संस्कृत ‘मुद्रा’ याच कुळातली मानतात आणि आपली सोन्याची मोहर त्यातूनच आली. आंब्याच्या मोहोराचा इथे काही संबंध नाही. मायेतून दिलेला तो ‘मेहेर’ असं जे सांगतात, ते दोन घराण्यांची सोयरीक परस्पर जुळवतात.

आणि हे तिन्ही एकाच दस्तात भेटू शकतात! महराची रक्कम, दफ्तरखान्याच्या मोहरेची जागा आणि तारखेतला मेह्‌र महिना. ७ मेह्‌र १३९५ म्हणजे २८ सप्टेंबर २०१६. इंग्रजीत दोन्ही तारखा द्या.

महराचं कलम साधारण असं असतं : कुराणाची एक जिल्द, एक आरसा, शमादानांची एक जोडी आणि अमुक अदद ‘सेक्के-ये तमाम-ए बहार-ए आज़ादी’, जे नवऱ्याच्या ‘ज़िम्मे’ आहेत. जिल्द, शमादान, अदद, सिक्का, जिम्मा… मराठी माणसाला अर्धं कलम कोशाशिवाय लागतं. पण ‘तमाम’ला फसू नका. तो ‘एकूण’ नाही, ‘पूर्ण नाणं’ आहे. अर्धं आणि पाव नाणंही असतं. पूर्ण नाणं सुमारे ८.१३ ग्रॅमचं. ‘बहार-ए आज़ादी’ हे नाण्याचं नाव, त्याचा ‘स्वातंत्र्याचा वसंत’ करू नका. पौंड-डॉलरात हिशेबही मांडू नका, कारण देणं नाण्यांत आहे आणि भाव रोज हलतो. शेवटी ‘इंदलमुतालबा’ आहे की ‘इंदलइस्तिताआ’ ते डोळ्यांत तेल घालून बघा. पहिल्यात बायको मागेल तेव्हा द्यायचं, दुसऱ्यात नवऱ्याची ऐपत असेल तेव्हा. दोन्हींना ‘देय’ लिहून मोकळे होणारे भाषांतरकार तिचं मोठं नुकसान करतात.

शर्तींची पानं अजिबात गाळायची नाहीत. छापील शर्तींतली पहिली अशी : घटस्फोट नवऱ्याने मागितला आणि न्यायालयाच्या मते दोष बायकोचा नसेल, तर संसारात मिळवलेल्या मालमत्तेतला ‘ता नेस्फ’ भाग तिला द्यायचा. ‘ता नेस्फ’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘निम्मा’ लिहिलं की कमाल मर्यादाच ठाम हिस्सा होऊन बसते. पुढच्या शर्तीत ‘वकालत’ येते. आपल्या मनात लगेच काळा कोट उभा राहतो, पण इथे ते मुखत्यारपत्र आहे : ठरावीक प्रसंगी बायकोने नवऱ्याच्या वतीने स्वतःला घटस्फोट द्यावा, असा अधिकार. सोबतचं ‘हक्के तौकील’ म्हणजे तो अधिकार दुसऱ्याला सोपवायची मुभा. ते शब्द सुटले, तर तिचा वकील तो अधिकार कशाच्या आधारे वापरणार?

प्रत्येक शर्तीखाली दोघांच्या सह्यांची जागा असते. सही नसेल तरी शर्त भाषांतरित करा आणि चौकटी कंसात ‘सही नाही’ लिहा. घर कुठे करायचं ते बायको ठरवेल, अशी शर्त बहुधा हाताने लिहिलेली असते. तिथे ‘हस्तलिखित’ अशी नोंद द्या आणि अक्षर लागत नसेल तर अंदाज न करता ‘अवाच्य’ लिहा.