पाहुण्यांच्या वहीतलं बाजाराचं पान

घरी मुक्कामाला येणाऱ्यांसाठी माहितीचं पान लिहितेय. आठवडे बाजारातले भाव त्यात द्यावेत का? (यावल)

आकडा लिहाल तर महिन्याभरात तो खोटा ठरेल, आणि पाहुणा ते पान दाखवून भाजीवालीशी वाद घालेल. भरताची वांगी हिवाळ्याच्या सुरुवातीला महाग असतात, आवक वाढली की भाव उतरतात. म्हणून भाव द्यायचाच असेल तर शेजारी तारीख लिहा: ‘अमुक तारखेला किलोला इतके.’ त्याहून उपयोगी म्हणजे माल ओळखायची खूण. फिकट हिरवं, मोठं, पण हातात घेतलं की हलकं लागणारं वांगं घ्यावं, त्यात बिया कमी निघतात. केळी डझनावर की किलोवर, हेही लिहा. दोन टोपल्यांतला फरक बरेचदा तेवढाच असतो.

स्टँडवरून गावापर्यंत काळी-पिवळीवाल्याने पाहुण्यांकडून भरमसाट पैसे घेतले. पानावर काय इशारा द्यावा? (चोपडा)

आधी पाहुण्यांनी काय विचारलं ते विचारा. माझ्याकडे आलेलं एक जोडपं असंच चिडलं होतं. सीटचे 30 रुपये होतात म्हणून मी सांगितलं होतं, त्यांनी 300 दिले. खोदून विचारल्यावर कळलं, त्यांनी ‘गाडी लगेच सोडा’ म्हटलं होतं. गाडी दहा सीटवर भरते, म्हणजे ती ‘स्पेशल’ झाली आणि दहाही सीटचे पैसे झाले. ड्रायव्हरने फसवलं नव्हतं, पण समजावूनही सांगितलं नव्हतं. चूक माझीच, मी एकच आकडा दिला होता. आता पानावर दोन ओळी आहेत: सीटचे इतके, स्पेशलचे इतके. खाली एक वाक्य: ‘बसण्याआधी विचारा, दादा, सीट का स्पेशल?’ शेवटची गाडी किती वाजता निघते तेही टाका. ती चुकली की स्पेशलशिवाय इलाज नाही, आणि तेव्हा घासाघीस चालत नाही.

आमच्याकडून बरेच जण अजिंठ्याला जातात. त्यांना काय सांगावं? (जळगाव)

सोमवारी लेणी बंद असतात, हे सगळ्यात वर, ठळक. जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी एसटी फर्दापूरजवळच्या फाट्यावर उतरवते. खासगी गाडीलाही तिथेच थांबावं लागतं, कारण लेण्यांपर्यंतचे शेवटचे चारेक किलोमीटर वेगळी बस नेते. तिचं तिकीट आणि लेण्यांचं तिकीट निरनिराळं असतं. ‘तिकीट काढलं की, पुन्हा कसलं?’ असं म्हणत पाहुणे तिथे भांडतात.

सुरक्षेबद्दल किती लिहावं? घाबरवायचं नाही. (भुसावळ)

थोडंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो, तेव्हा बाजार सकाळी दहाच्या आत उरकावा. एसटीत चढताना रेटारेटी होते, खिसा कापला जातो तो तिथेच, म्हणून मोबाईल वरच्या खिशात नको. केळीच्या बागेत फोटोसाठी शिरायचं तर आधी मालकाला विचारावं, पायात बूट असावेत, बागेत ओलावा असतो आणि साप असू शकतात. पोलिसांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. त्याखाली तुमचा नंबर आणि घराची खूण लिहा, रिक्षावाल्याला सांगता येईल अशी. ‘मारुतीच्या देवळामागे’ पुरत नाही, मारुती गावोगावी आहे.