‘आता कशाला?’ म्हणणारा रुग्ण: नैराश्य की खचलेपण?

‘आईचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे. ती जेवत नाही, बोलत नाही, “आता कशाला हे सगळं?” एवढंच म्हणते. वॉर्डातले डॉक्टर डिप्रेशनची गोळी सुरू करू म्हणतात. पण अशा आजारात कोणीही खचेलच ना? मग याला डिप्रेशन कसं म्हणायचं?’

मी कर्करोगाच्या वॉर्डाशी जोडलेल्या मानसोपचार पथकात समुपदेशक म्हणून काम करते. वॉर्डातून आम्हाला येणाऱ्या चिठ्ठ्या बहुधा एका ओळीच्या असतात. अशाच एका चिठ्ठीवर लिहिले होते: ‘रुग्ण खात नाही, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. डिप्रेशन? औषध सुरू करावे का?’ रुग्ण 62 वर्षांचे होते आणि त्यांचे आयुष्य घड्याळदुरुस्तीत गेले होते. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला होता आणि केमोथेरपीतील ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधामुळे बोटांची टोके बधिर झाली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पहिल्या भेटीची वेळ मी चुकीची निवडली. सकाळी नऊच्या सुमारास गेले, तेव्हा काकांनी मान न वळवता एकेका शब्दात उत्तरे दिली. पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची चाचणी घेतली आणि 27 पैकी 17 गुण आले. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की नैराश्याचा संशय घ्यावा, असा संकेत आहे. त्या हिशेबाने उत्तर मिळाल्यासारखेच होते. सुदैवाने टिपण लिहिण्यापूर्वी मी गुणांची फोड केली. झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता या चार प्रश्नांना प्रत्येकी तीन, म्हणजे 17 पैकी 12 गुण याच चौघांचे होते. ही चारही लक्षणे आजार, केमोथेरपी आणि मॉर्फीन यांपैकी कशानेही येऊ शकतात. जीन एंडिकॉट यांनी 1984 मध्ये नेमकी हीच अडचण ओळखून कर्करोगाच्या रुग्णांसाठी या चार लक्षणांच्या जागी दुसरी चार पाहावीत असे सुचवले होते: चेहरा खिन्न किंवा भेदरलेला आहे का, माणूस इतरांपासून तुटला आहे का, स्वतःची कीव करत निराशेतच घोळत राहतो का, आणि कशानेही त्याचा चेहरा खुलत नाही असे झाले आहे का. यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो, पण त्याचे उत्तर कागदावर टिकमार्क करून मिळत नाही.

बाहेर पडताना नर्सबाईंनी सांगितले की मॉर्फीन दर चार तासांनी लिहिलेले असले, तरी काका पहाटे डोळे मिटून पडलेले असले की त्यांना उठवले जात नाही आणि ते स्वतः मागत नाहीत. म्हणजे मी ज्याला मौन समजले, ते बऱ्याच अंशी दुखणे होते. वेदना आटोक्यात येईपर्यंत मनाबद्दल काही ठरवायचे नाही, हे मला पाठ असूनही मी घाईने चाचणी काढली होती. डोसांच्या वेळा सुधारल्या गेल्या. आणखी एक शंका फेडणे आवश्यक होते. गंभीर आजारात मेंदूचे भान मंदावते, रुग्ण गप्प आणि सुस्त दिसतो आणि सगळे त्याला डिप्रेशन म्हणतात. प्रत्यक्षात तो डिलिरियम असतो आणि त्याला नैराश्याची गोळी उपयोगी पडत नाही. म्हणून काकांना डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगितले. त्यांनी सावकाश, पण न चुकता म्हटले. दिवसभरात भानात चढउतार होत नसल्याचे नर्सबाईंनी सांगितले; रक्तातील कॅल्शियम आणि थायरॉइडही ठीक होते.

दोन दिवसांनी मी संध्याकाळी गेले. माझ्या मनगटावर वडिलांचे चावीचे घड्याळ होते. काकांची नजर त्यावर गेली आणि त्यांनी न बोलता हात पुढे केला. घड्याळ कानाला लावून ते काही क्षण ऐकत राहिले.

‘पुढे जातं ना हे?’

‘हो, बरंच.’

‘मोबाइलच्या शेजारी ठेवत असाल. हेअरस्प्रिंगला चुंबक लागलंय, वेढे एकमेकांना चिकटतात. डिमॅग्नेटायझरवर धरलं की झालं, खोलायचीसुद्धा गरज नाही.’ मग ते हसले. ‘ताई, लोक याच्यासाठी नवीन घड्याळ घेतात.’

पुढची दहा मिनिटे ते उठून बसून बोलत होते. मी म्हटले, ‘उद्या घरातलं आणखी एक बंद घड्याळ आणू का?’ त्यांचा चेहरा लगेच उतरला. ‘उद्याचं कशाला ठरवता?’

आमच्या टिपणासाठी आवश्यक असलेला फरक या दहा मिनिटांत दिसला. समोर आलेली गोष्ट त्यांना आनंद देऊ शकत होती. येणाऱ्या गोष्टीची वाट पाहणे मात्र त्यांना जमत नव्हते. नैराश्याच्या आजारात साधारणपणे दोन्ही जातात: आवडीची वस्तू हातात दिली, आवडते माणूस शेजारी बसले, तरी आतून काही हलत नाही. खचलेपणात, ज्याला आमच्या क्षेत्रात डिमॉरलायझेशन म्हणतात, आताचा आनंद शाबूत राहतो आणि पुढचा हरवतो. दुसरा फरक इच्छेचा आहे. ‘अंगात बळ आलं तर काय कराल?’ असे विचारल्यावर काका म्हणाले, ‘करावंसं पुष्कळ वाटतं हो. या बोटांनी काय करू, ते कळत नाही.’ नैराश्यातला माणूस काय करायचे हे माहीत असूनही उठू शकत नाही, कारण करण्याची ओढच विझलेली असते. खचलेल्या माणसाला ओढ असते, पण वाट दिसत नाही आणि आपण नालायक ठरलो असे त्याला वाटत राहते. डेव्हिड किसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये उपशामक सेवेच्या संदर्भात या अवस्थेची स्वतंत्रपणे मांडणी केली, तेव्हा असहायता, आशा सुटणे आणि जगण्याला अर्थ न उरणे या गोष्टी तिच्या केंद्रस्थानी ठेवल्या होत्या.

खचलेपण म्हणजे सौम्य नैराश्य, अशी समजूत वॉर्डात आढळते आणि ती धोक्याची आहे. मरणाची इच्छा खचलेपणातूनही येते, काही वेळा नैराश्याशिवायच. म्हणून मी सरळ विचारले, ‘काका, मरण यावं असं वाटतं का?’ ते म्हणाले, ‘झोपेत आलं तर बरं होईल.’ ‘स्वतःहून काही करण्याचा विचार?’ ‘नाही. तसा नाही मी.’ एवढ्यावर न थांबता कशामुळे असे वाटते, हेही विचारावे लागते. तेव्हा कळले की आठवड्यापूर्वी डॉक्टर त्यांच्या मुलाशी बाहेर बोलले होते आणि दारातून त्यांना अर्धेच ऐकू आले होते. ‘माझ्याबद्दलच चाललं होतं. मला कोणी विचारलं नाही. घड्याळ टेबलावर ठेवून गिऱ्हाइकाशी बोलतात, तसं.’

मी नोंदवहीत जे लिहिले त्याचा गाभा असा होता: ‘चाचणीतील गुण मुख्यतः शारीरिक लक्षणांचे. मनःस्थिती प्रसंगानुरूप बदलते, तत्क्षणी आनंद होतो, अपराधी भाव नाही. भविष्याबद्दल असहायता, निरुपयोगी झाल्याची भावना. मृत्यूची निष्क्रिय इच्छा, योजना नाही. सध्याचे चित्र नैराश्यापेक्षा खचलेपणाचे. नैराश्यविरोधी औषध आत्ता नको. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी रुग्णाजवळ बसून, त्यांना किती जाणून घ्यायचे आहे ते आधी विचारून, पुढील उपचारांतून काय साधेल आणि काय नाही ते सांगावे. चार दिवसांनी पुन्हा पाहू.’

तरुण निवासी डॉक्टरांनी विचारले, ‘गोळी दिली तर बिघडतं काय? झोप आणि भूक तरी सुधारेल.’ हा आक्षेप पोकळ नाही. मिर्टाझापिन या नैराश्यविरोधी औषधाने त्या दोन्ही गोष्टी पुष्कळदा सुधारतात आणि संशयाचे पारडे समान असेल तेव्हा आमचे मानसोपचारतज्ज्ञ ते देऊन पाहतातही. पण मनःस्थितीवरचा परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि नोंदवहीत एकदा ‘डिप्रेशन, औषध सुरू’ असे लिहिले गेले की दाराबाहेरच्या त्या अर्धवट संभाषणाकडे कोणी परत वळत नाही.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून वीस मिनिटे बसले. आजार बरा होणार नाही, हे काकांनी स्वतःच आधी म्हटले. पुढची केमोथेरपी घ्यायची की नाही, हे त्यांना विचारले गेले आणि त्यांनी एक फेरी घेऊन पाहू, असे ठरवले. भाचा त्यांच्याकडेच काम शिकला होता. तो रोज दुपारी एक उघडे घड्याळ घेऊन येऊ लागला. काका भिंग डोळ्याला लावून बघत आणि हात त्याचे वापरत. बोटांचा बधिरपणा होता तसाच राहिला, पण चौथ्या दिवशी त्यांनी मलाच विचारले, ‘ते बंद घड्याळ आणणार होतात ना?’

गोष्ट इथे संपली असती तर मी ती इतक्या निर्धास्तपणे लिहिली नसती. तीन आठवड्यांनी नव्या स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसला. त्यानंतर भाचा आला की काका मान फिरवू लागले. मी वडिलांचे घड्याळ त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते कानाला न लावता उशीवर ठेवले. ‘माझ्या पायी सगळ्यांचं वाटोळं झालं, मला हीच शिक्षा हवी,’ असे ते सकाळ-संध्याकाळ सारख्याच स्वरात म्हणत राहिले. वेदना आटोक्यात होती, भान स्वच्छ होते, डॉक्टर रोज बोलत होते, तरीही चित्र पालटले होते. या वेळी टिपणात मी नैराश्य असे लिहिले आणि मानसोपचारतज्ज्ञांनी यकृताची स्थिती पाहून रात्री 7.5 मिलिग्रॅम मिर्टाझापिन सुरू केले, पुढे ते 15 पर्यंत नेले. झोप काही दिवसांतच सुधारली. अपराधी भाव ओसरायला तीन आठवडे लागले आणि तो पूर्ण गेला, असे मला म्हणता येणार नाही. भाच्याचे येणे आम्ही त्या काळातही थांबवले नव्हते. नैराश्य आले म्हणून खचलेपण निघून जात नाही, दोन्ही एकत्र नांदतात.

तेव्हा आईंबद्दल डॉक्टरांशी बोलण्यापूर्वी एक-दोन दिवस त्यांच्याकडे नीट पाहा. वेदनेची गोळी लागू झाल्यानंतरच्या तासाभरात, त्यांना खरोखर आवडणारे माणूस किंवा काम समोर आले की चेहरा क्षणभर तरी खुलतो का? ‘आता कशाला’ याच्या पुढे त्यांचे वाक्य काय असते: ‘नकोच वाटतं’ की ‘काय करू कळत नाही’? ‘मी पापी, मी सगळ्यांचा नाश केला’ असे काही त्या म्हणतात का? सकाळी एक आणि रात्री भलतेच, असे भान हरपते का? जे दिसेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून डॉक्टरांना दाखवा आणि मानसोपचार पथकाला बोलवायला सांगा. त्या स्वतःला इजा करण्याबद्दल बोलल्या, तर मात्र एक-दोन दिवस थांबू नका. त्याच वेळी ड्यूटीवरच्या नर्सला सांगा आणि कोणी येईपर्यंत त्यांना एकटे सोडू नका.