पैसे भरायचा निरोप किती पडझडीला येतो?

«शेअर तारण ठेवून कर्ज उचललंय. कंपनी म्हणते, किमतीच्या निम्मं कर्ज मिळतं. म्हणजे बाजार निम्म्यावर येईपर्यंत मला घोर नाही ना? पैसे भरा असा फोन नेमका कधी येणार, ते आधी कळू शकतं का?»

आधी कळतं, आणि त्याला एक गुणाकार पुरतो. मात्र बाजार निम्म्यावर यायची वाट बघण्याइतका वेळ तुमच्या हातात नसतो. माझ्याकडे आलेल्या एका काकांची गोष्ट सांगते. त्यांचाही समज हाच होता.

२०२५च्या फेब्रुवारीअखेरची गोष्ट. काका पावसच्या बाजूचे, निवृत्त झालेले, वडिलोपार्जित हापूसची बाग सांभाळणारे. रत्नागिरीत माझ्यासमोर बसले ते मोबाइलवरचा एक मेसेज पुढे करूनच. वित्त कंपनीने ८५ हजार रुपये ७ कामकाजाच्या दिवसांत भरायला सांगितले होते, नाहीतर तारण शेअर विकू. त्यातले तीन दिवस गेलेले. काका म्हणाले, "ताई, निम्म्यावर कुठे आलंय? चोवीसच टक्के तर पडलेत माझे शेअर. आणि पैसे यायचे ते पेट्या वाशीला गेल्यावर, एप्रिल-मेमध्ये. आत्ता कुठून आणू?"

मी त्यांना कागदावर तीनच आकडे लिहायला सांगितले: तारण शेअरची किंमत, उचललेली रक्कम आणि कंपनीला हवं असलेलं संरक्षण. हा तिसरा आकडाच बहुतेकांना नीट समजलेला नसतो. वित्त कंपन्यांनी शेअर तारण घेऊन कर्ज दिलं, तर ते शेअरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचं नाही, आणि भाव पडून तूट आली तर ती ७ कामकाजाच्या दिवसांत भरून घ्यायची, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली घातला. हा नियम कर्ज देतानापुरता नाही. कर्ज फिटेपर्यंत रोजच्या भावाने तो पाळावा लागतो. त्यामुळे 'निम्मं कर्ज' याचा खरा अर्थ असा, की आज जेवढं देणं असेल त्याच्या दुप्पट किमतीचे शेअर आज तारण असायला हवेत.

म्हणून देणं गुणिले दोन, हीच तुमची रेघ. शेअरची किंमत तिच्याखाली उतरली की फोन येणार. मंजूर मर्यादेतली पै न् पै उचलली असेल, तर ही रेघ पहिल्याच दिवशी पायाखाली असते आणि बाजार एक टक्का पडला तरी निरोप येतो. कमी उचललं असेल, तर तेवढी जागा मोकळी राहते.

काकांनी २०२४च्या सप्टेंबरात २४ लाखांचे शेअर तारण ठेवले. मर्यादा मिळाली १२ लाखांची. ऑक्टोबरच्या सुरुवातीला घराच्या छपरासाठी ६ लाख उचलले, डिसेंबरात फवारणी, राखणदारांचे पगार आणि बागेच्या कुंपणासाठी आणखी ३ लाख. एकूण ९ लाख. त्यांची रेघ झाली १८ लाखांची, म्हणजे २४ लाखांवरून २५ टक्के घसरण सोसायची सोय होती. उचल तशी वाईट नव्हती. पण सप्टेंबरच्या उच्चांकानंतर निफ्टी सलग पाच महिने घसरत राहिला आणि फेब्रुवारीअखेरीस १५ टक्क्यांहून अधिक खाली होता. काकांकडे मधल्या आणि लहान कंपन्यांचे शेअर जास्त होते, ते त्याहून जास्त पडले. त्यांच्या अ‍ॅपवर त्या दिवशी १८ लाख २० हजार दिसत होते.

रेघ १८ लाखांची आणि किंमत १८ लाख २० हजार. म्हणजे काका अजून रेघेच्या वरच होते, मग ८५ हजारांची मागणी कसली? काकांना वाटत होतं की कंपनी फसवतेय. मी त्यांच्याकडून कर्जखात्याचा उतारा आणि कंपनीच्या पोर्टलवरची तारण शेअरची यादी मागवून घेतली. फरक दोन ठिकाणी सापडला.

पहिला उताऱ्यात होता. ओव्हरड्राफ्टवर साडेदहा टक्के व्याज दर महिन्याला खात्यात नावे पडत होतं. काकांनी ते एकदाही भरलं नव्हतं. "हंगामानंतर एकदम भरीन म्हटलं," ते म्हणाले. त्यामुळे देणं ९ लाखांवर थांबलं नव्हतं, सुमारे ९ लाख ३५ हजारांवर गेलं होतं. आणि रेघ देण्याच्या दुप्पट असल्याने व्याजाचा प्रत्येक रुपया ती दोन रुपयांनी वर नेतो. ३५ हजारांच्या थकलेल्या व्याजाने रेघ १८ लाखांवरून १८ लाख ७० हजारांवर आली होती. व्याज वेळच्या वेळी भरलं असतं, तर या कारणाने निरोप आलाच नसता. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. शेअरचा भाव सगळे रोज बघतात, पण देणं हळूहळू खालून वर चढत असतं. बाजार वर्षभर जागचा हलला नाही आणि व्याज साचू दिलं, तर काकांची ९ लाखांची उचल जवळपास १० लाखांवर गेली असती आणि २५ टक्क्यांची मोकळी जागा १७ टक्क्यांवर आली असती.

दुसरा फरक यादीत होता. कंपनी कुठले शेअर तारण म्हणून मोजायचे, याची स्वतःची मान्य यादी ठेवते आणि ती बदलते. काकांच्या एका लहान कंपनीचा शेअर, किंमत १ लाख २० हजार, त्याच आठवड्यात यादीतून काढला गेला होता. शेअर डीमॅटमध्ये होता, तारणही होता, अ‍ॅपवर दिसतही होता. पण कंपनीच्या हिशेबात त्याची किंमत शून्य. म्हणून कंपनीच्या लेखी तारण १७ लाखांचं, त्याच्या निम्मं साडेआठ लाख, देणं ९ लाख ३५ हजार, आणि तूट बरोबर ८५ हजार. फसवणूक नव्हती, आकडा खरा होता. अ‍ॅपवरची किंमत धरून हिशेब केला तर तो चुकतो, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते. कंपनीच्या पोर्टलवर मान्य शेअरची जी किंमत दिसते, तीच धरायची. शिवाय ५० टक्के ही वरची मर्यादा आहे. एखाद्या अस्थिर शेअरवर कंपनी त्याहून कमी देऊ शकते, तेव्हा त्याचं प्रमाण वेगळं बघावं लागतं.

आता तूट भरायची कशी? रोख भरली तर ८५ हजार लागणार. तारणातले मान्य शेअर विकायचे, तर १ लाख ७० हजारांचे. दुप्पट का, असं काकांनी लगेच विचारलं. कारण शेअर विकल्यावर देणं कमी होतं तसं तारणही कमी होतं. रुपया फेडला, पण आठ आण्यांची कर्ज घेण्याची ताकदही त्याच्याबरोबर गेली. उरले आठ आणे, तेवढीच तूट भरते. म्हणून कंपनी जबरदस्तीने विकते तेव्हा लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त शेअर जातात, तेही पडलेल्या भावाला, आणि कुठले विकायचे हे कंपनी ठरवते.

पण काकांकडे तिसरी वाट होती, आणि ती त्या यादीतून काढलेल्या शेअरचीच. तो कंपनीच्या हिशेबात शून्य असल्याने तो विकला तर तारण कमी होत नव्हतं. आलेला पैसा पूर्णच्या पूर्ण देण्यातून वजा होणार. त्या दुपारीच काकांनी कंपनीला मेल केला: हा शेअर आमच्या सांगण्यावरून विका आणि रक्कम कर्जखात्यात जमा करा. लेखी आणि शेअरचं नाव घालून केला, कारण तोंडी सांगितलं आणि मुदत संपली, तर कंपनी आपल्या पद्धतीने विकायला मोकळी असते. हा शेअर काकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेला. त्यावरचा दीर्घ मुदतीचा नफा वर्षाच्या सव्वा लाखाच्या करमुक्त मर्यादेत बसत होता, म्हणून कराची चिंता नव्हती.

देणं ८ लाख १५ हजारांवर आलं. तूट संपली, पण मी काकांना तिथे थांबू दिलं नाही. नवी रेघ १६ लाख ३० हजारांची, किंमत १७ लाख. चार टक्के पडले की पुन्हा तोच मेसेज! आणि करारात आणखी एक कलम होतं: देणं तारणाच्या ६० टक्क्यांपलीकडे गेलं, तर कंपनी ७ दिवस न थांबता विकू शकते. ही दुसरी रेघ प्रत्येक करारात असतेच असं नाही आणि तिचा आकडाही सारखा नसतो, पण असेल तर खरी भीती तिचीच. काकांची एक लाखाची मुदत ठेव होती, मुलाने ठेवलेली. ती मोडायला त्यांचं मन होईना. मी त्यांना सांगितलं, की ठेवीवर मिळणारं व्याज कर्जावरच्या साडेदहा टक्क्यांहून कमी आहे आणि ते एक लाख रेघ दोन लाखांनी खाली आणतील. ठेव मोडली. देणं ७ लाख १५ हजार, रेघ १४ लाख ३० हजार, जवळपास १६ टक्के मोकळी जागा. मार्चपासून व्याज दर महिन्याला पेन्शनमधून भरायचं ठरलं.

त्यांनी मला विचारलं, "पहिल्यापासून किती उचलायला हवं होतं?" मी उत्तर २०२०च्या मार्चवरून काढते. त्या वर्षी जानेवारीतल्या उच्चांकापासून मार्चच्या तळापर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला होता, तोही दोन-सव्वादोन महिन्यांत. २३ मार्चला तर एका दिवसात १३ टक्के. ४० टक्के पडझड सोसायची असेल, तर देणं किमतीच्या ३० टक्क्यांपुढे जाऊ द्यायचं नाही. २४ लाखांवर म्हणजे ७ लाख २० हजार, व्याजासकट. आणि तारणात लहान कंपन्या जास्त असतील, तर मला तेही जास्त वाटतं, कारण त्या निर्देशांकापेक्षा खोल जातात. हा माझा अंदाजाचा पट्टा आहे, कुणाचा नियम नाही. ज्यांचं उत्पन्न वर्षातून एकदाच, आंब्याबरोबर येतं, त्यांनी तर तो ओलांडू नयेच. पडझड फेब्रुवारीत आली तर भरायला त्यांच्याकडे काही नसतं.

७ एप्रिलला निफ्टी एका दिवसात तीन टक्क्यांहून जास्त पडला. सकाळी साडेदहालाच काकांचा फोन आला. मी काही सांगायच्या आत त्यांनीच सांगितलं, "ताई, पोर्टलवर साडेसोळा लाख आहेत. रेघ चौदा-तीसची. अजून सव्वादोन लाखांची जागा आहे, मी बागेत चाललोय."

मेमध्ये वाशीहून हिशेब आला, त्यातले तीन लाख त्यांनी खात्यात भरले. आता पेट्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी तीन रकाने आखलेत: कर्जखात्यातलं देणं, त्याची दुप्पट, आणि पोर्टलवरची किंमत. दर महिन्याच्या १ तारखेला, व्याज नावे पडल्यावर, ते तिन्ही भरतात.