मखरासाठी ग्लू गन, फॅब्रिक ग्लू की डबल टेप?

प्रश्न: रत्नागिरीत गणपतीसाठी पुठ्ठ्याचं मखर करतोय. त्याला साटीन, गोट्याची लेस आणि करवंट्या लावायच्या आहेत. काय कशाने चिकटवू?

उत्तर: साटीनला डबल टेप, लेसला फॅब्रिक ग्लू आणि करवंट्यांना ग्लू गन.

साटीनवर ओला गोंद नको, डाग वर उमटतो. कापड चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवा, पुठ्ठ्याच्या मागे वळवा आणि टेप मागेच लावा. पावसाळ्यात पुठ्ठा सर्दावलेला असतो आणि अशा पुठ्ठ्यावर टेप दुसऱ्या दिवशी सुटते. म्हणून आधी पुठ्ठा पंख्याखाली नीट वाळवा, धूळ पुसा, मग टेप बोटाने दाबत न्या. चुन्याच्या भिंतीवर मात्र टेप लावूच नका, भुकटीसकट खाली येते.

लेस ग्लू गनने लावली तर साटीन आकसतं आणि कडक गाठी दिसतात. फॅब्रिक ग्लूची बारीक रेघ लेसच्या पाठीवर द्या, कापडावर नाही. टाचण्या लावून रात्रभर आडवं ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत पाकिटावर लिहिलेल्या वेळात तो वाळत नाही. उभं केलंत की लेस घसरते.

करवंटीची जिथे चिकटवायची ती कड आधी पॉलिश पेपरने घासा, गुळगुळीत कडेवरून ग्लू सालासारखा निघतो. कड पुठ्ठ्यावर सपाट बसली पाहिजे. साटीनवरच चिकटवली तर करवंटीचं वजन कापडाला ओढतं, म्हणून तेवढ्या जागी साटीन कापून ग्लू थेट पुठ्ठ्यावर घाला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. समई आणि हॅलोजनपासून हे जोड लांब ठेवा, उष्णतेने ग्लू पुन्हा मऊ होतो.