पेपरच्या मेथड्समधून सेमिनारचे प्रश्न

प्रश्न: बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला पेपरातल्या मेथड्सवर खोलात नेणारे प्रश्न कसे काढायचे? पोरं नुसतं वाचून दाखवतात. (जालना)

उत्तर: सर, त्यातली क्रियापदं अधोरेखित करा आणि विचारा: हे वेगळं केलं असतं तर आकडा वर गेला असता की खाली? 'ही पद्धत का वापरली' विचारलं की पोरं पेपरातलंच वाक्य परत म्हणतात.

समजा वाक्य आहे: 'मे महिन्यात तालुक्यातील 30 विहिरींचे नमुने घेऊन नायट्रेट मोजले.' मे महिन्यात आपल्याकडं कितीतरी विहिरींचा तळ दिसतो. मग कोरड्या विहिरी यादीतून गळाल्या, त्याचं काय? उथळ विहिरी आधी आटतात आणि खतातलं नायट्रेट बहुधा त्यांच्यातच जास्त उतरतं. म्हणजे सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा कमी दिसेल. हे पोरांच्या तोंडून यायला हवं. तोवर आपण गप्प बसायचं, जड जातं पण.

पुढं, 'घेऊन' आणि 'मोजले' यांच्यात किती तास गेले? नमुना सुमारे 4 अंश सेल्सिअसला ठेवून 48 तासांत तपासायचा असतो. बाटली उन्हात राहिली तर जिवाणू नायट्रेट घटवतात, किंवा अमोनियापासून नवं तयार करतात. त्यामुळं 'दिशा सांगता येत नाही' हेही उत्तर चालेल, कारण दिलं तर. एका तासाला दोन क्रियापदं पुरतात.