धूर कुणी केला नाही, तरी धुरकं कसं?

*"आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात. डिसेंबरात सकाळी शिवारावर पांढरट पट्टा बसलेला असतो, समोरचा डोंगर दिसत नाही. पाचट कुणी पेटवलेलं नाही, कारखानाही जवळ नाही. दुपारपर्यंत बरंचसं आपोआप निघून जातं. हे धुकं समजायचं की प्रदूषण?"*

दोन्ही, आणि ते एकमेकांत मिसळलेलं. पण त्यातला एक भाग असा आहे की तो कोणत्याही चिमणीतून किंवा चुलीतून कण म्हणून बाहेर पडलेलाच नसतो. तो हवेत तयार होतो. त्यामुळे धूर कुठून आला हे शोधत फिरलात तर काही सापडणार नाही.

शाळेत प्रयोगशाळेत पाहिलं असेल: अमोनियाची बाटली आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली, दोन्हींची बुचं उघडून तोंडं जवळ आणली की मधल्या हवेत पांढरा धूर उठतो. दोन्ही वायू डोळ्यांना न दिसणारे, पण भेटले की मिठाचे बारीक कण. शिवारावर तेच होतं, फक्त आम्लं वेगळी आणि वेग फार कमी.

आम्लं दोन. दगडी कोळशात साधारण अर्धा टक्का गंधक धरलं तर एक टन कोळसा जळताना सुमारे 10 किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. औष्णिक केंद्राच्या चिमणीला राख पकडणारी यंत्रणा असते, ती राख चांगली पकडते. वायू मात्र तिच्यातून सरळ निघून जातो. म्हणून चिमणी स्वच्छ दिसली याचा अर्थ कण होणार नाहीत असा नाही. हा वायू हवेत हळूहळू सल्फ्युरिक आम्ल होतो. कोरड्या हवेत, हिवाळ्याच्या मवाळ उन्हात, ताशी एक टक्कासुद्धा अवघड. धुक्याच्या थेंबात शिरला तर मात्र तेच काम कितीतरी पटींनी लवकर उरकतं. तोवर वारा त्याला कित्येक किलोमीटर घेऊन गेलेला असतो, म्हणून "कारखाना जवळ नाही" याला फारसा अर्थ उरत नाही. दुसरं आम्ल नायट्रिक. ट्रक, ट्रॅक्टर, डिझेल जनरेटर, भट्ट्या यांतून नायट्रोजन ऑक्साइड निघतात. दिवसा उन्हात आणि रात्री ओलसर कणांच्या पृष्ठभागावर त्यांचं नायट्रिक आम्ल होतं.

तिसरा भिडू अमोनिया, आणि तो आपल्या घरचा आहे. गोठ्यातलं मूत, उकिरडा आणि गव्हाला फोकून दिलेला युरिया. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे 20.7 किलो. आपली काळी जमीन विम्ल, सामू 8 च्या वर. अशा जमिनीवर युरिया वरच पडून राहिला, दवाने भिजला आणि उन्हाने सुकला, तर दोन-तीन दिवसांत बराच उडतो. 15 टक्के धरू. म्हणजे 3.1 किलो नत्र, तेच अमोनिया म्हणून मोजलं तर पावणेचार किलो. त्यातलं बरंच जवळच्याच जमिनीवर आणि पिकावर परत बसतं. पण समजा सगळंच नायट्रिक आम्लाला भेटलं, तर एका गोणीतून 18 किलोच्या आसपास अमोनियम नायट्रेट होऊ शकतं. हा वरच्या टोकाचा आकडा आहे, प्रत्यक्षात त्याहून कमी.

आता हिवाळाच का, हा खरा मुद्दा. अमोनिया आधी सल्फ्युरिक आम्लाला धरतो. ते मीठ, म्हणजे सल्फेट, पक्कं; थंडी असो, ऊन असो, एकदा झालं की कणच राहतं. उरलेला अमोनिया नायट्रिक आम्लाकडे वळतो, पण हे मीठ लबाड आहे. गरम झालं की पुन्हा दोन वायूंत फुटतं.

हिशोब असा करतात: हवेतला अमोनिया आणि नायट्रिक आम्ल यांचं प्रमाण पीपीबीमध्ये, म्हणजे अब्ज भागांत किती, असं घ्यायचं आणि दोन्ही आकड्यांचा गुणाकार करायचा. तो त्या तापमानाच्या मर्यादेपेक्षा जास्त झाला तर जास्तीचं मीठ बनून बसतं. कोरड्या कणासाठी ही मर्यादा 10 अंशांना सुमारे 0.5 आहे, 30 अंशांना सुमारे 100. उदाहरणापुरतं अमोनिया 10 पीपीबी आणि नायट्रिक आम्ल 2 पीपीबी धरा. गुणाकार 20. पहाटे 10 अंशांना 20 हा आकडा मर्यादेच्या चाळीसपट आहे, म्हणजे जवळजवळ सगळं नायट्रिक आम्ल कणात जातं; घनमीटरला 6 ते 7 मायक्रोग्रॅम. दुपारी 30 अंशांना तोच 20 मर्यादेच्या पाचव्या हिश्शाएवढा, म्हणजे कण टिकणारच नाही. वायू तेवढेच, हवा तीच, फक्त पारा चढला. मे महिन्यात हे मीठ का बसत नाही तेही यातच आलं.

सहा-सात मायक्रोग्रॅम ऐकायला काहीच नाही. पण हे क्षार पाणी ओढतात. आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की असा कण व्यासाने साधारण पावणेदोन पट फुगतो, आकारमानाने पाच-सहा पट. आणि फुगून त्याचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास येतो, जिथे तो प्रकाश सगळ्यात जास्त उधळतो. डोंगर झाकतो तो हा पाणी प्यालेला कण, कोरडं मीठ नाही. शिवाय पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेच्या झाकणाखाली अडकलेली असते, त्यामुळे दिवसभरात हजारभर मीटर उंचीत विखुरलं असतं ते शे-दोनशे मीटरमध्येच साचतं.

म्हणून तुमचा पट्टा दुपारी पातळ होतो त्याला तीन कारणं एकाच वेळी लागू आहेत: झाकण उठतं, कण सुकून बारीक होतात, आणि नायट्रेट वायूत परत जातं. यांतलं कोणतं किती, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. एवढं मात्र करता येईल. घरात साधा आर्द्रतामापक असेल तर सकाळी बघा. आर्द्रता शंभराला टेकलेली आणि एक किलोमीटरच्या आत दिसेनासं झालेलं असेल तर ते धुकंच. मग त्यात क्षार असोत वा नसोत. आर्द्रता 70-75 असूनही डोंगर दिसत नसेल तर ते धुरकं आहे. आणि ऊन चढल्यावरही क्षितिजावर फिकट पांढुरकी किनार उरत असेल तर तो न उडणारा भाग: सल्फेट, पाचटाचा-चुलीचा धूर, धूळ. तुमच्याकडे यांची सरमिसळ असणार. सगळं खापर अमोनियावर फोडू नका.

मोजणाऱ्या यंत्रांनाही हे मीठ चकवतं, हे जाता जाता सांगतो. साध्या फिल्टरवर जमा केलेलं नायट्रेट फिल्टर तापला की वजन करण्याआधीच उडून जातं, आणि तापवून हवा ओढणाऱ्या यंत्रातही काही भाग निसटतो. उलट बाजारातले स्वस्त सेन्सर प्रकाश उधळण्यावर चालतात, त्यामुळे धुक्याच्या पहाटे ते फुगलेल्या पाण्यालाही कण समजून आकडा वाढवून दाखवतात. ॲपवर सकाळी 7 चा आकडा बघून घाबरायचं नाही आणि दुपारचा बघून निर्धास्तही व्हायचं नाही.

युरिया कमी उडवला तर धुरकं जाईल का, हा पुढचा प्रश्न येणारच. लगेच नाही. हवेत अमोनिया आम्लांच्या मानाने भरपूर उरत असेल तर थोडा कमी केल्याने कण घटत नाहीत, कारण अडलेलं असतं ते आम्लामुळे. तिथे नायट्रोजन ऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड कमी करणं जास्त लागू पडतं. त्यातही गंमत आहे: नुसतं सल्फर कमी केलं तर सल्फेटमधून मोकळा झालेला अमोनिया थंडीत नायट्रेट बनवू शकतो, म्हणजे फायदा थोडा खाल्ला जातो.

युरियाबाबत जे करायचं ते खिशासाठी करा. लाईट कधी येणार ते पक्कं झाल्याशिवाय गव्हात युरिया फोकू नका. फोकल्यावर त्याच दिवशी पाणी द्या, म्हणजे तो दोन-तीन इंच खाली जातो आणि तिथला अमोनिया मातीच धरून ठेवते. नुसतं दव पडेल या भरवशावर ठेवलेला युरिया सगळ्यात वाईट, कारण दव त्याला विरघळवतं पण खाली नेत नाही.